‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ हा श्लोक मुळाशी ताडून कसा पाहावा

नवरात्र आलं की कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या कमानींवर, तालमींच्या मांडवांत, साड्यांच्या दुकानांच्या जाहिरातींवर हा श्लोक हमखास दिसतो. आठ मार्चला तो शाळा-कॉलेजांच्या भाषणांत येतो. बहुतेक वेळा त्याची पहिली ओळच लिहिलेली असते. कधी खाली ‘मनुस्मृती’ लिहितात, कधी ‘वेदवचन’, कधी काहीच नाही. श्लोक म्हणणाऱ्याला तो प्राचीन भारतातल्या स्त्रीच्या स्थानाचा पुरावा वाटतो. मनुस्मृतीवर टीका करणाऱ्याला तो नुसता मुलामा वाटतो. दोघांपैकी फार थोड्यांनी त्याच्या मागचे-पुढचे श्लोक उघडलेले असतात.

हे तपासायला संस्कृतची पदवी लागत नाही. देवनागरी वाचता येत असेल, एक चांगली छापील प्रत आणि मराठी भाषांतर हाताशी असेल तर एका रविवारी हे काम होतं. कसं करायचं ते या एकाच श्लोकावर पायरीपायरीने दाखवतो. हीच रीत दुसऱ्या कुठल्याही सुभाषितासारख्या फिरणाऱ्या वचनाला लावता येईल. पण इथे मी या श्लोकाबाहेर जाणार नाही, कारण त्याच्यात सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिली पायरी: जे फिरतंय ते जसंच्या तसं लिहून घ्या

आमच्या पेठेतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षांना आम्ही सगळे काकी म्हणतो. मंडळाच्या फलकाचा मजकूर त्यांनी मला मोबाइलवर पाठवला. त्यात असं होतं: ‘यत्र नार्यस्तु पुज्यंते रमंते तत्र देवता’. तुम्हीही सुरुवात अशीच करा. समोर आलेला मजकूर चुका न सुधारता वहीत उतरवा, शेजारी तो कुठे दिसला तेही लिहा. चुकांवरून तो कुठून कसा फिरत आला याचा अंदाज येतो.

या ओळीत दोन गोष्टी बिघडल्या आहेत. ‘पूज्’ धातूतला ऊ दीर्घ आहे, तो ऱ्हस्व झाला. ‘देवताः’चा विसर्ग गळाला. ‘रमन्ते’ हे अनेकवचनी क्रियापद आहे, त्याला कर्ताही अनेकवचनीच हवा. विसर्ग गेला की ‘देवता’ एकच उरते आणि वाक्य मोडतं. ‘पुज्यंते’मधला अनुस्वार मात्र चूक नाही. ‘पूज्यन्ते’ आणि ‘पूज्यंते’ या एकाच उच्चाराच्या दोन लेखनपद्धती आहेत. संगणकावर शोधताना मात्र हा फरक आडवा येतो, म्हणून दोन्ही रूपं टाकून पाहावीत. रोमन लिपीतल्या संस्कृत ग्रंथसंग्रहात शोधायचं असेल तर `nāryas tu pūjyante` असं टाका. तिथे बरेचदा शब्द सुटे करून दिलेले असतात.

श्लोक अनुष्टुभ छंदात आहे, म्हणजे चार चरण आणि प्रत्येक चरणात आठ अक्षरं. बोटांवर मोजून पाहा: य-त्र-ना-र्य-स्तु-पू-ज्य-न्ते. जिथे कोणी ‘देवताः’च्या जागी ‘देवाः’ लिहितं तिथे सातच अक्षरं भरतात आणि चूक लगेच उघडी पडते. पूर्ण श्लोक असा:

यत्र नार्यस्तु पूज्यन्ते रमन्ते तत्र देवताः ।
यत्रैतास्तु न पूज्यन्ते सर्वास्तत्राफलाः क्रियाः ॥

सरळ मराठीत: जिथे स्त्रियांचा मान राखला जातो तिथे देवता रमतात, आणि जिथे यांचा मान राखला जात नाही तिथे सगळ्या क्रिया निष्फळ होतात.

दुसरी पायरी: पत्ता शोधा आणि दोन छापील प्रतींत पाहा

श्लोक मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात छप्पन्नाव्या क्रमांकावर आहे. लिहिताना ३.५६ असं लिहितात. म्हणजे ‘वेदवचन’ हे चूक. हा स्मृतिग्रंथ आहे. त्याचा काळ अभ्यासक साधारणपणे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकापर्यंत कुठेतरी धरतात.

प्रत निवडताना टीकेसह असलेली घ्या. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची, कुल्लूकभट्टाची ‘मन्वर्थमुक्तावली’ ही टीका असलेली प्रत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८६ साली अनेक टीका एकत्र छापल्या होत्या. अशा जुन्या प्रतींच्या स्कॅन केलेल्या फाइली इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली प्रत हवी असेल तर पॅट्रिक ऑलिव्हेल यांची २००५ची आवृत्ती पाहावी. कोल्हापुरात राहणाऱ्याने करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करावी. संदर्भ विभागात बसून दोन प्रती शेजारी ठेवता आल्या तर काम फार सोपं होतं.

एका गोष्टीला मात्र जपा. बाजारात अशाही आवृत्त्या आहेत ज्यांत संपादकाने स्वतःला न पटलेले श्लोक ‘प्रक्षिप्त’ म्हणून गाळले आहेत किंवा वेगळ्या ठशात टाकले आहेत. अशा प्रतीत एका श्लोकाला दोन क्रमांक दिसतात, एक जुना आणि एक नवा. प्रस्तावनेत निकष काय दिलाय ते वाचा. ‘अमुक हस्तलिखितांत हा श्लोक नाही’ असं कारण असेल तर तो पुरावा झाला. ‘हा विचार मनूला शोभत नाही’ असं असेल तर ते संपादकाचं मत झालं. मत असायला हरकत नाही, पण आपल्या पडताळणीचा पाया म्हणून ती प्रत वापरू नये.

तिसरी पायरी: विषय कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते शोधा

या पायरीला वेळ द्या. सगळ्या कामाचा गाभा इथेच आहे. बहुतेक जण श्लोक सापडला की पुस्तक मिटतात.

छप्पन्नपासून मागे जा. ज्या श्लोकात नवा विषय उघडतो तिथे थांबा. तिसरा अध्याय वेदाध्ययन संपवून घरी परतलेल्या आणि आता लग्न करणार असलेल्या द्विजाला उद्देशून आहे. कोणती वधू निवडावी, आठ प्रकारचे विवाह कोणते, संतती कशी व्हावी असं करत तो पन्नासाव्या श्लोकापर्यंत येतो. एक्कावन्नला नवा विषय सुरू होतो:

न कन्यायाः पिता विद्वान् गृह्णीयाच्छुल्कमण्वपि ।
गृह्णंश्छुल्कं हि लोभेन स्यान्नरोऽपत्यविक्रयी ॥

जाणत्या बापाने मुलीबद्दल अणुभरही शुल्क घेऊ नये. लोभाने घेईल तर तो पोटचं लेकरू विकणारा ठरेल. हे शुल्क म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायची रक्कम. मराठीत त्याला देज म्हणतात. पुष्कळ वक्ते हा उतारा ‘हुंडाविरोधी’ म्हणून सांगतात, ते बरोबर नाही. हुंड्याचा पैसा उलट्या दिशेने जातो. आज हुंड्याविरुद्ध बोलताना या उताऱ्याचा आधार घ्यायचाच असेल तर बावन्नावा श्लोक जास्त जवळचा आहे. जे बांधव मोहाने बाईच्या धनावर, तिच्या वाहनांवर किंवा वस्त्रांवर जगतात ते पापी अधोगतीला जातात, असं तो सांगतो.

त्रेपन्नाव्या श्लोकात आठ प्रकारांपैकी आर्ष विवाहात वराकडून घ्यायच्या गाय-बैलाच्या जोडीचा वाद आहे. काही जण तिला शुल्क म्हणतात, ते खोटं आहे. थोडं असो की फार, तो विक्रयच. मग चोपन्नाव्यात फरक स्पष्ट होतो. जिच्याबद्दलचं शुल्क नातेवाईक स्वतः घेत नाहीत, तिथे तो विक्रय नव्हे. ते ‘अर्हणं तत्कुमारीणाम्’, म्हणजे त्या मुलींचा सन्मान. देणं-घेणं झालं तरी ते मुलीच्या हाती गेलं तर तिचा मान, बापाच्या खिशात गेलं तर तिची विक्री.

इथून पंचावन्नावा श्लोक निघतो आणि छप्पन्नाव्याची किल्ली त्यात आहे:

पितृभिर्भ्रातृभिश्चैताः पतिभिर्देवरैस्तथा ।
पूज्या भूषयितव्याश्च बहुकल्याणमीप्सुभिः ॥

पुष्कळ कल्याण हवं असलेल्या बापांनी, भावांनी, नवऱ्यांनी आणि दिरांनी यांचा मान राखावा, यांना दागदागिन्यांनी सजवावं. कुल्लूकाने या श्लोकावर लिहिताना मागचा दुवा उघड करून दाखवला आहे. वराने दिलेलं धन लग्नाच्या वेळी मुलीला द्यायचं एवढ्यावर हे संपत नाही. लग्नानंतरही बाप-भावांनी तिला जेवूखाऊ घालून मान द्यावा, वस्त्रालंकार द्यावेत, असा अर्थ तो लावतो.

आता पुढे जा. सत्तावन्नात सांगितलंय की जिथे ‘जामी’ दुःख करतात ते कुळ लवकर नष्ट होतं. अमरकोशात ‘जामिः स्वसृकुलस्त्रियोः’ असं आहे, म्हणजे बहीण आणि घरातली बाई असे दोन्ही अर्थ. कुल्लूकही याच अर्थाने पत्नी, मुलगी, सून अशा घरच्या बायका धरतो. अठ्ठावन्नात मान न मिळालेल्या जामींनी शाप दिलेली घरं करणी केल्यासारखी चहूकडून नाश पावतात. आपल्याकडे माहेरवाशिणीचे डोळे भरून आले तर घराला बरं नाही असं जे म्हातारी माणसं म्हणतात, तो धाक याच जातीचा.

मग एकोणसाठावा श्लोक येतो आणि ‘पूजा’ म्हणजे नेमकं काय करायचं ते ग्रंथ स्वतःच सांगतो:

तस्मादेताः सदा पूज्या भूषणाच्छादनाशनैः ।
भूतिकामैर्नरैर्नित्यं सत्कारेषूत्सवेषु च ॥

म्हणून भरभराट इच्छिणाऱ्या पुरुषांनी सण-समारंभात यांचा दागिने, कपडे आणि अन्न देऊन नेहमी मान राखावा. गौरी-गणपतीला बहिणीला साडी नेऊन देणारा भाऊ या श्लोकाच्या अगदी जवळ उभा आहे. मखरात बसवून पंचारती ओवाळणं इथे अभिप्रेत नाही. ज्यांना या श्लोकात देवीपूजा दिसते त्यांना एकोणसाठावा दाखवावा.

साठ ते बासष्ट हे तीन श्लोक नवरा-बायकोचे आहेत. साठावा मला फार आवडतो: ज्या कुळात बायकोवर नवरा आणि नवऱ्यावर बायको नित्य संतुष्ट, तिथे कल्याण निश्चित. पुढचा श्लोक लगेच कारण देतो. बाई प्रसन्न नसेल तर ती पुरुषाला आनंद देणार नाही, आणि पुरुषाला आनंद नसेल तर संतती होणार नाही. त्रेसष्टाव्या श्लोकात विषय बदलतो. कुळं कशाने बुडतात त्याची यादी सुरू होते: वाईट विवाह, क्रियांचा लोप, वेदाचं अध्ययन सोडणं. सदुसष्टापासून गृहस्थाच्या अग्नीवर करायची घरगुती कर्मं येतात.

म्हणजे आपला श्लोक ५१ ते ६२ अशा बारा श्लोकांच्या मध्यावर बसलेला आहे. हा पल्ला वहीत पेन्सिलीने कंस करून लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याच्या आधाराने होतं.

चौथी पायरी: कोण कोणाला सांगतंय ते व्याकरणातून काढा

छप्पन्नाव्या श्लोकातलं ‘पूज्यन्ते’ कर्मणी आहे. स्त्रिया पूजिल्या जातात, पण कोणाकडून ते या श्लोकात नाही. म्हणूनच तो एकटा उचलला की सगळ्या समाजाला, सगळ्या देशाला लागू असल्यासारखा वाटतो. करणारे कोण ते पंचावन्नाव्यात तृतीया विभक्तीत बसले आहेत: पितृभिः, भ्रातृभिः, पतिभिः, देवरैः. एकोणसाठाव्यात पुन्हा ‘नरैः’.

आता ‘एताः’ हे सर्वनाम धरून चला. पंचावन्नात ‘एताः’, छप्पन्नात ‘यत्रैताः’, सत्तावन्नात ‘यत्रैताः’, एकोणसाठात ‘तस्मादेताः’. मराठीत ‘या’, ‘यांचा’. ‘या’ म्हटलं की मागे कोणाचं तरी नाव आलेलं असतं. मागे आहेत त्या लग्न लावून दिलेल्या, शुल्काच्या व्यवहारातल्या मुली, आणि पुढे जामी, म्हणजे त्याच घरच्या बहिणी-सुना. कुल्लूक तर ‘यत्र’चा अर्थच ‘यत्र कुले’, ज्या कुळात, असा करतो. आणि ‘क्रियाः’ म्हणजे याग वगैरे धार्मिक कर्मं. आयुष्यातली सगळी कामं असा अर्थ नाही. सहा-सात श्लोकांनंतर जो ‘क्रियालोप’ येतो आणि पुढे अग्नीवरची जी कर्मं येतात, त्याच क्रिया या.

या चार गोष्टी जोडल्या की श्लोक असा वाचता येतो: ज्या घरात बाप, भाऊ, नवरा, दीर घरच्या बायकांना मान देतात, अन्नवस्त्र आणि दागिने देतात, तिथे देवता प्रसन्न असतात, जिथे देत नाहीत, तिथे त्या घरची धर्मकृत्यं वाया जातात. खरी आज्ञा पंचावन्न आणि एकोणसाठ या श्लोकांत आहे, ‘पूज्याः’ या विध्यर्थी रूपात. छप्पन्न ते अठ्ठावन्न हे त्या आज्ञेकडे पुरुषाचं मन वळवणारे, फायदा आणि भीती दाखवणारे श्लोक आहेत. वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचं शास्त्र सांगणारे मीमांसक अशा वाक्यांना अर्थवाद म्हणतात. सगळीकडे फिरतो तो हा अर्थवाद, आणि ज्या आज्ञेसाठी तो लिहिला ती मात्र मागे राहते.

पाचवी पायरी: दुसऱ्या ग्रंथात हेच आहे का ते पाहा

प्राचीन ग्रंथांत श्लोक फिरते असतात. हाच गुच्छ महाभारताच्या अनुशासनपर्वात, सेहेचाळिसाव्या अध्यायात भीष्म युधिष्ठिराला सांगतो. सुरुवातीला तो हे ‘प्राचेतसा’चं वचन म्हणून सांगतो. तिथेही विक्रय नव्हे तर मुलीचा सन्मान, बाप-भाऊ-दीर, स्त्री प्रसन्न नसेल तर संतती नाही, जामींचे शाप, असं सगळं ओळीने येतं. फरक बारीक आहेत पण बोलके. मनूच्या यादीत ‘पतिभिः’ आहे, तिथे ‘श्वशुरैः’, म्हणजे सासरे. मनूच्या ‘भूषयितव्याः’च्या जागी ‘लालयितव्याः’, म्हणजे लाड करावेत.

जुन्या प्रचलित छापील महाभारतात तिथे ‘स्त्रियो यत्र च पूज्यन्ते रमन्ते तत्र देवताः’ ही ओळ मिळते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून १९३३ ते १९६६ या काळात जी चिकित्सित आवृत्ती छापली, तिच्या मुख्य पाठात देवता रमण्याची ही ओळ नाही. ‘अपूजिताश्च यत्रैताः सर्वास्तत्राफलाः क्रियाः’ ही दुसरी, धाकाची ओळ मात्र आहे. म्हणून महाभारताचा संदर्भ देणाऱ्याने कोणती आवृत्ती ते लिहिलंच पाहिजे. यावरून मनूच्या श्लोकावर संशय घ्यायचं कारण नाही, मनुस्मृतीत तो पक्का आहे. एवढंच दिसतं की हा बारा श्लोकांचा गुच्छ धर्मशास्त्राच्या परंपरेत एकत्र वावरत होता. त्यातला एकच श्लोक तोडून घेण्याची पद्धत ग्रंथांची नाही.

सहावी पायरी: त्याच पुस्तकातले उरलेले श्लोक समोर ठेवा

इथे लोक घाबरतात किंवा चिडतात. मनुस्मृतीचं १९२७ साली महाडला दहन झालं, आणि १९२०ची अस्पृश्यांची माणगाव परिषद कोल्हापूर संस्थानातच भरली होती. कोल्हापुरात मनुस्मृतीचा विषय पुस्तकी राहत नाही, आणि राहूही नये. ‘बघा, मनूने स्त्रीचा केवढा मान केलाय’ म्हणून ३.५६ पुढे करणाऱ्याला समोरून लगेच ९.३ ऐकू येतो: कौमार्यात बाप राखतो, तारुण्यात नवरा, म्हातारपणी मुलगे, ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’. मग एक जण एक श्लोक टाकतो, दुसरा दुसरा, आणि चर्चा तिथेच अडते.

ही अडचण सोडवायला दोन्ही श्लोक शेजारी मांडून त्यांतली नाती पाहा. ९.३मध्ये बाप, नवरा, मुलगे. ५.१४८मध्ये तेच तिघे, त्यांच्या ताब्यात तिने राहावं म्हणून. ३.५५मध्ये बाप, भाऊ, नवरा, दीर. ज्या पुरुषांच्या हाती तिला राखण्याचा अधिकार दिला, त्यांच्याच अंगावर तिचा मान राखण्याचं काम टाकलं आहे. नववा अध्याय हे एका श्लोकात गोळा करतो. ९.२६मध्ये स्त्रिया ‘पूजार्हा गृहदीप्तयः’, मानाला योग्य, घराचा उजेड, आणि श्लोकाच्या सुरुवातीलाच कारण आहे: ‘प्रजनार्थम्’, संततीसाठी. तिसऱ्या अध्यायात साठ-एकसष्टला हेच कारण आलं होतं.

माझ्या मते ३.५६ आणि ९.३ यांत विरोध शोधणं व्यर्थ आहे. दोन्ही एकाच घराचं चित्र काढतात. त्यात बाईला सुखात ठेवायचं आहे, तिला उपाशी किंवा रडत ठेवलं तर शापाची भीती आहे, तिचं धन लुबाडलं तर पाप आहे. आणि त्याच चित्रात तिला स्वतःच्या मर्जीने वागायला जागा नाही. ‘क्रिया’ हा शब्द पुन्हा एकदा पाहा. तिचा मान न राखल्याने ज्या क्रिया निष्फळ होतात, त्या मंत्रांनी करण्याचा अधिकार मात्र तिला नाही. ९.१८ म्हणतो, ‘नास्ति स्त्रीणां क्रिया मन्त्रैः’. मंत्र कोणाच्या कर्माला लागतात या प्रश्नावरून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शाहू महाराजांच्या काळात वेदोक्त प्रकरण पेटलं. कोल्हापुरातल्या वाचकाला या अर्ध्या ओळीचं वजन वेगळं सांगावं लागू नये.

दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट मान्य करावी लागते. श्लोक खरा आहे, नंतर घुसडलेला किंवा कोणी रचून चिकटवलेला नाही, आणि मुलीच्या बापाने देज घेऊ नये हे तो उतारा फार कडक शब्दांत सांगतो. आणि या श्लोकावरून स्त्रीच्या हक्कांबद्दल, शिक्षणाबद्दल, स्वातंत्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. तो विषय तिथे नाहीच. ग्रंथातला नियम प्रत्यक्ष घराघरांत कितपत पाळला जात होता, हेही त्यातून कळत नाही.

सातवी पायरी: काय म्हणता येईल ते लिहून काढा

काकींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग बोर्डावर लावायचा का न्हाई? प्रिंटरवाला उद्या फाइल मागतोय.”

लावा म्हटलं, पण दोन्ही ओळी लावा, नुसती पहिली नको. खाली ‘मनुस्मृती, ३.५६’ असा पत्ता द्या. आणि अर्थ द्यायचा तर ‘प्राचीन भारतात स्त्रिया पूज्य होत्या’ असं लिहू नका. ‘ज्या घरात बायकांचा मान राखला जात नाही, त्या घरची धर्मकृत्यं निष्फळ’ असं लिहा. दुसऱ्या ओळीत घरच्या पुरुषांना जाब विचारलाय, आणि फलकांवर नेमकी तीच गाळली जाते. काकी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आणि ते बापानं पैसं घेऊ नये म्हणतंय, ते पन लिव्हा की.” म्हणून ३.५१चा मराठी अर्थ लहान अक्षरांत खाली घेतला.

प्रिंटरकडून नमुना आला की छपाईआधी चार जागा पाहायच्या: ‘पू’ दीर्घ आहे ना, ‘देवताः’ आणि ‘क्रियाः’ यांचे विसर्ग आहेत ना, ‘यत्रैतास्तु’मधली मात्रा तुटली नाही ना, आणि ‘सर्वास्तत्राफलाः’ एकसंध आहे ना. शेवटच्या शब्दाकडे नीट लक्ष द्या. तिथे ‘तत्र’ आणि ‘अफलाः’ यांचा संधी आहे. कोणी शब्द सुटे करताना ‘तत्र फलाः’ करून टाकलं तर ‘सगळ्या क्रिया निष्फळ’ऐवजी ‘सगळ्या क्रिया फळं’ असा नेमका उलटा अर्थ होतो.

हाच श्लोक भाषणात घ्यायचा असेल आणि दोनच मिनिटं मिळणार असतील, तर ५१, ५६ आणि ५९ हे तीन श्लोक या क्रमाने घ्या. आधी मुलीची विक्री नको, मग तिचा मान न राखल्याचा परिणाम, आणि शेवटी मान म्हणजे काय: भूषण, आच्छादन, अशन. तीन श्लोक संथ म्हटले तरी पाऊण मिनिटात होतात, उरलेल्या वेळात मराठी अर्थ बसतो. श्रोत्यांतून ९.३चा प्रश्न आला तर तो टाळू नका. ३.५५ आणि ९.३ यांतली नात्यांची यादी एकापाठोपाठ एक वाचून दाखवा.